सणाच्या शुभेच्छांची पोस्ट : धंद्याचं बोलायचं पण संधीसाधू वाटायचं नाही, कसं लिहायचं?

फ्रिजवाला
नमस्कार मंडळी. फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं वर्कशॉप आहे माझं, मी आणि तीन मेकॅनिक. दर सणाला ग्राहकांना शुभेच्छा पाठवतो आणि दर वेळी पाठवून झाल्यावर मनाला काहीतरी खटकत राहतं. मागच्या वेळचा मेसेज जसाच्या तसा देतो:

"सणाच्या हार्दिक शुभेच्छा! हा मंगल सण आपल्या घरी सुख, समृद्धी आणि आनंद घेऊन येवो. या निमित्ताने आमच्याकडे सर्व्हिसिंगवर खास सवलत! ऑफर फक्त ३ दिवस. आजच फोन करा!"

खाली लोगो, फोन नंबर, आणि चित्रावर परत एकदा फोन नंबर. ऑफरवर एकही फोन आला नाही. दोघातिघांनी ब्लॉक केलं असावं, आणि एका जुन्या ग्राहकाचं उत्तर आलं, "आमच्याकडे यंदा सण नाही, वडील गेले. तुम्ही फ्रिज चांगला करून दिला होता पण असे मेसेज नका पाठवू." ते वाचून फार वाईट वाटलं. मला शुभेच्छा मनापासून द्यायच्या असतात. पण धंदाही आहे, नाव लोकांच्या लक्षात राहायला हवं. सण कुठलाही धरा, दोन्ही एका पोस्टमध्ये जमतं का? की नुसत्या शुभेच्छा देऊन गप्प बसावं?

निळाई
ऑफर काढा. बाकी ठीक आहे.

गतिमान
मी उलट म्हणेन. सणाच्या दिवशी सगळे फोन हातात घेऊन बसलेले असतात, तेव्हाच ऑफर टाकायची असते. आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, एका झटक्यात २५६ घरात तुमचं नाव पोचतं, फुकट. एक मेसेज चुकला म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका.

शब्दवेडी
गतिमान, लिस्टमध्ये २५६ बसतात हे बरोबर, पण मेसेज त्यातल्या ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. फ्रिज दुरुस्त करून दोन वर्षं झाली की बरेच जण मेकॅनिकचा नंबर ठेवतच नाहीत. म्हणजे जे वाचतात ते सगळे ओळखीचे आणि तुमच्यावर आधीच भरवसा ठेवणारे. त्यांना अनोळखी माणसासारखी जाहिरात वाचायला लागली की जास्त लागतं.

आणि सणाच्या दिवशी सगळे फोनवर असतात खरं, पण म्हणूनच तर त्या दिवशी अशा पन्नास पोस्ट समोरून सरकत जातात.

छोट्या व्यावसायिकांसाठी लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते, म्हणून फ्रिजवाला दादांच्या मेसेजवर जरा सविस्तर बोलते. त्यातला घात करणारा शब्द आहे "या निमित्ताने". त्याच्या आधीचं वाक्य खरंही असेल, पण हा शब्द आला की वाचणाऱ्याला मागे जाऊन कळतं की अच्छा, शुभेच्छा म्हणजे नुसतं दार होतं, आत दुकान आहे. "आजच फोन करा" तर सणाच्या दिवशी सोसवतच नाही, कारण आज त्या माणसाला दुसरी शंभर कामं आहेत.

मी कुठलीही अशी पोस्ट हातात आली की दोन गोष्टी करून बघते. पहिली म्हणजे तुमचं नाव बोटाने झाकते. उरलेला मजकूर एखादा सोनार, क्लासवाला, विमा एजंट असाच्या असा पाठवू शकतो का? तुमचा पाठवू शकतो, एक "सर्व्हिसिंग" शब्द सोडला तर. दुसरी म्हणजे शुभेच्छांची ओळ झाकते. खाली उरतं ते नुसतं पत्रक असेल तर लोकही तेच वाचणार. उरलेलं त्या दिवशी घरात कुणाच्या तरी उपयोगाचं असेल तर तेवढ्यानेच तुमचं नाव लक्षात राहतं, ऑफर लागत नाही.

म्हणून एक प्रश्न विचारते. सणाच्या दोनतीन दिवसांत तुम्हाला फोन कशाचे येतात?

मुक्कामपोस्ट
माझं पण असंच आहे, मी अकाउंटंट आहे. क्लायंटना शुभेच्छा पाठवताना खाली "रिटर्न भरायची तारीख लक्षात ठेवा" असं लिहू का? आणि चित्र बनवायला कुठलं ॲप चांगलं?

निळाई
@मुक्कामपोस्ट सणाच्या दिवशी रिटर्नची तारीख वाचून माझा तरी सण संपेल :)

फ्रिजवाला
@शब्दवेडी ताई, चांगला प्रश्न. सणात सगळ्यात जास्त फोन "फ्रिज थंडच करत नाहीये" असे. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी फ्रिज बिघडलेलाच नसतो! पाहुणे येणार म्हणून ठासून भरलेला असतो, मागच्या बाजूला जिथून गार हवा येते ती जाळीच डब्यांनी झाकलेली असते. त्यात दार दर दोन मिनिटांनी उघडणार, गरम भांडं तसंच आत. आम्ही जातो, दोन डबे सरकवतो आणि परत येतो. व्हिजिटचे पैसे घ्यायलाही लाज वाटते.

दुसरा प्रकार म्हणजे फ्रिज खरंच बंद. तिथे पण आधी प्लग काढून दुसऱ्या पॉइंटवर लावून बघितलं तर बऱ्याचदा पॉइंटच गेलेला असतो. मात्र काढला की लगेच लावायचा नाही, पाचेक मिनिटं थांबायचं, नाहीतर कॉम्प्रेसर प्रेशरवर अडतो.

शब्दवेडी
दादा, तुमची पोस्ट झाली की लिहून! हे सगळं फक्त तुम्हाला माहितीय, सोनाराला नाही. सणाच्या दिवशी ज्या बाईच्या घरी वीस माणसं येणार आहेत तिला आज हेच हवंय.

सरळरेषा
मला हे थोडं पटत नाहीये, स्पष्ट बोलतो. धंदा करणं म्हणजे काही गुन्हा नाही, सवलत द्यायचीय तर ताठ मानेने "सवलत आहे" म्हणा. टीप देतोय असं दाखवून नाव पुढे करायचं हे जास्त संधीसाधू नाही का? निदान उघड जाहिरात प्रामाणिक असते. मी ग्राहक म्हणून सांगतो, "आम्हाला तुमची काळजी आहे" छाप पोस्ट मला उघड ऑफरपेक्षा जास्त खुपतात.

शब्दवेडी
@सरळरेषा यातलं अर्धं मला मान्य आहे. ऑफर द्यायचीच असेल तर उघड द्यावी, पण तिची स्वतंत्र पोस्ट करावी, आणि सणाच्या आठदहा दिवस आधी. तेव्हा लोक खरंच विचार करत असतात की मशीन आवाज करतंय, सणाआधी दाखवून घेऊया. त्या पोस्टमध्ये शुभेच्छा नकोत, सरळ लिहायचं की सणाआधी सर्व्हिसिंग करायचं असेल तर अमुक तारखेपर्यंत सांगा, नंतर आमची माणसं सुट्टीवर आहेत. यात कुणालाच फसवल्यासारखं वाटत नाही. मग सणाच्या दिवशीच्या पोस्टवर विक्रीचं ओझं राहत नाही.

टीप आणि ढोंग यातला फरक मी असा बघते, की टीप वाचून माणसाचं काम तुम्हाला फोन न करता झालं तर तुम्हाला चालेल का? चालेल असं असेल तर ती खरी टीप. दादांच्या टीपने त्यांच्या व्हिजिट कमीच होणार आहेत.

गतिमान
हेच तर म्हणतोय, स्वतःच्या पायावर धोंडा. लोक स्वतःच डबे सरकवतील, मग मेकॅनिक काय करणार?

फ्रिजवाला
@गतिमान नाही हो. त्या व्हिजिटमध्ये आम्हाला काही सुटत नाही. सणाच्या दिवशी माणूस अर्धा तास प्रवास करून जातो, डबे सरकवतो, आणि त्याच वेळी जिथे खरंच कॉम्प्रेसर गेलाय ते घर ताटकळत बसतं. फुकटचे फोन कमी झाले तर मला हवेच आहेत.

निळाई
ही शेवटची ओळ पोस्टमध्ये घाला ना! "म्हणजे जिथे खरंच गरज आहे तिथे आमचा माणूस वेळेत पोचेल." मी वाचलं असतं तर आवडलं असतं.

चौकटराजा
सणाच्या दिवशी न विकता नाव कमावण्याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं आरईआय, गिर्यारोहण-कॅम्पिंगचं सामान विकणारी दुकानं. तिकडे ब्लॅक फ्रायडे म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा खरेदीचा दिवस, आणि २०१५ साली यांनी त्याच दिवशी सगळी १४३ दुकानं बंद ठेवली, कर्मचाऱ्यांना भरपगारी सुट्टी दिली आणि लोकांना सांगितलं की बाहेर भटकायला जा. त्याची प्रचंड चर्चा झाली. लोकांना ते पटलं कारण भटकंतीचंच सामान विकणारा माणूस भटकायला जा म्हणत होता, आणि त्यासाठी त्याने स्वतःच्या खिशाला खार लावून घेतला होता.

सरळरेषा
@चौकटराजा ती पण जाहिरातच होती की.

चौकटराजा
होतीच. पण दुकानं खरंच बंद होती ना. मला वाटतं तिथेच सगळं आहे, बोलण्याबरोबर काहीतरी खरोखर केलेलं हवं. फ्रिजवाला यांच्या बाबतीत ते म्हणजे सणाच्या दिवशी एक माणूस तातडीच्या कामाला हजर असणं किंवा तिघांनाही सुट्टी देणं, दोन्ही चालेल. जे खरं असेल ते लिहा.

अबोली
मी वेगळ्या बाजूने लिहितेय. फ्रिजवाल्यांना ज्यांनी "आमच्याकडे यंदा सण नाही" म्हणून लिहिलं त्यांच्या जागी मी दोन वर्षांपूर्वी होते. मला एका दुकानातून आईसाठी भेटवस्तू घ्या म्हणून मेसेज आला, आई जाऊन महिना झाला होता. त्यांचा दोष नव्हता, त्यांना काय माहीत. पण मी तो नंबर उडवला आणि परत त्या दुकानात गेले नाही, हे पण खरंय. "घरोघरी आनंद, सुख, जल्लोष" असं ठासून लिहिलेलं असलं की ज्याच्या घरात नाही त्याला ते दारावर थाप मारल्यासारखं वाटतं.

शब्दवेडी
@अबोली लिहिल्याबद्दल खरंच आभार. यावर एक चांगली गोष्ट झालेली आहे. ब्लूम अँड वाइल्ड नावाच्या ब्रिटनमधल्या फुलं पाठवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये मदर्स डेच्या आधी ग्राहकांना विचारलं की या सणाचे मेल नको असतील तर सांगा, फक्त तेवढे थांबवू, बाकीचे चालू राहतील. लोकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं.

छोट्या धंद्यात हे आणखी सोपं आहे. ज्यांनी कळवलं त्यांचं नाव लिस्टमधून त्या वर्षापुरतं काढायचं, आणि आनंदाची विशेषणं कमी करायची. "सणाचे दिवस निवांत जावोत" हे दुःखातल्या माणसालाही टोचत नाही.

मुक्कामपोस्ट
माझ्या प्रश्नाचं कुणी उत्तर दिलं नाही :( ॲप?

निळाई
@मुक्कामपोस्ट ॲप कुठलंही घ्या, पण ते तयार सोनेरी चौकटीवालं चित्र घेऊ नका ज्यात फक्त "युवर लोगो हिअर" ची जागा बदलायची असते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या वेळी एकच चित्र चार वेगवेगळ्या दुकानांच्या लोगोने आलं होतं.

चौकटराजा
चित्राबद्दल माझं पण मत. पूज्य प्रतिमा घेऊन तिच्यावर फोन नंबर छापणं हे मला सगळ्यात जास्त खटकतं. वर्कशॉपमधला तिघा मेकॅनिकचा साधा फोटो टाका, त्यांना विचारून, नावांसकट. लोकांच्या घरी तेच येतात, चेहरा ओळखीचा असतो. लोगो कोपऱ्यात लहान, नंबर चित्रावर नको, मेसेज तुमच्याच नंबरवरून जातोय की.

गतिमान
बरं, माझी पण एक कामाची टीप. "आवडलं तर शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा" हे शेवटी घालायचं, पोहोच वाढते.

चौकटराजा
@गतिमान फेसबुकने २०१७ च्या डिसेंबरमध्येच जाहीर केलं होतं की लाइक करा, टॅग करा, शेअर करा अशी भीक मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार. शिवाय शुभेच्छा देऊन बदल्यात शेअर मागणं बरं दिसत नाही.

फ्रिजवाला
सगळ्यांचं दोनदा वाचलं. रात्री बसून नवीन लिहिलंय, बघा:

"सणाचे दिवस निवांत जावोत, ही आमच्या वर्कशॉपकडून शुभेच्छा.
घरी पाहुणे असताना फ्रिज थंड होत नाहीये असं वाटलं तर आधी आतल्या मागच्या बाजूची हवेची जाळी मोकळी आहे का बघा, डब्यांनी झाकली गेली असेल तर थोडं सरकवा आणि काही तास वाट बघा. पूर्णच बंद पडला तर प्लग काढून पाच मिनिटांनी दुसऱ्या पॉइंटवर लावून बघा. तोवर दार उघडू नका, बंद दाराने आतला गारवा चारेक तास टिकतो.
एवढं करून चालू झाला नाही तर फोन करा. सणाच्या दिवशी आमच्यातला एक जण तातडीच्या कामाला आहे, बाकीचे घरी आहेत. साधी कामं परवापासून घेऊ."

फोटो तिघांचा टाकतोय. ऑफर नाही.

शब्दवेडी
दादा, सुंदर. दोनच गोष्टी. इन्स्टावर टाकणार असाल तर सुरुवातीची साधारण सव्वाशे अक्षरंच दिसतात, पुढचं "more" दाबल्यावर. म्हणून शुभेच्छेला लागूनच "फ्रिज थंड होत नाहीये असं वाटलं तर" हे यायला हवं, मध्ये रिकामी ओळ नको. आणि "परवापासून" ऐवजी तारीख घाला. मेसेज कुणी दोन दिवसांनी वाचला तर परवा म्हणजे कधी?

अबोली
मला हा मेसेज त्या वर्षी आला असता तर मी नंबर उडवला नसता.

सरळरेषा
चांगलं जमलंय, मान्य. फक्त "एवढं करून चालू झाला नाही तर फोन करा" ही ओळ शेवटी विक्रीच आहे असं मी अजूनही म्हणेन.

निळाई
@सरळरेषा बंद फ्रिज घेऊन बसलेल्या माणसाला नंबर द्यायचाच नाही का मग?

सरळरेषा
द्या हो. मी फक्त म्हणतोय विक्री आहे तर आहे म्हणा.

जुनाखांब
उशिरा आलो. मजकूर छान झालाय पण मागची तयारी राहू नये. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अवे मेसेज, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, त्या दिवसांपुरता लावा, त्यातही तेच लिहा जे पोस्टमध्ये आहे. गूगलवर दुकान असेल तर तिथे सणाच्या दिवसांची वेगळी वेळ टाका, नाहीतर नकाशावर "उघडे आहे" दिसतं, माणूस येतो, कुलूप बघतो, आणि निवांत दिवसांच्या शुभेच्छा त्याला आठवतात. आणि बायकोने तपासून परत पाठवलेला मेसेज तसाच पुढे फॉरवर्ड करू नका, वर "फॉरवर्डेड" चा शिक्का येतो. इतकं मनापासून लिहिलेलं ढकलपत्र दिसेल.

आणखी एक, पुढे धंदा वाढून व्हॉट्सॲपच्या एपीआयवरून, म्हणजे सॉफ्टवेअरमधून, मेसेज पाठवायला लागलात तर शुभेच्छांचा टेम्प्लेट व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा मार्केटिंगमध्येच धरते. कामाची माहिती आणि प्रचार एकत्र असेल तरी मार्केटिंगच. म्हणजे सरळरेषा यांच्या बाजूने एक मत मेटाचं धरा :)

सरळरेषा
धन्यवाद जुनाखांब, एकटा पडलो होतो.

मुक्कामपोस्ट
मला आत्ता कळलं मी काय चुकत होतो. मी क्लायंटना माझ्या कामाची आठवण करून देत होतो. आता असं लिहितोय: "सणाच्या शुभेच्छा. या आठवड्यात आमच्याकडून कागदपत्रांसाठी एकही फोन येणार नाही, निवांत राहा. सोमवारी बोलू." कसं वाटतं?

निळाई
@मुक्कामपोस्ट वा! माझा अकाउंटंट असं पाठवेल तर मी त्याला जन्मभर सोडणार नाही.

फ्रिजवाला
सण झाला, सांगायला आलो. तारीख घातली, रिकामी ओळ काढली, अवे मेसेज लावला. त्या दिवशी पाच फोन आले, त्यातले तीन जण म्हणाले की जाळी बघितली, पॉइंट बदलून बघितला, तरी चालू होत नाहीये. म्हणजे गेलो ते खऱ्या कामालाच. एक बाई म्हणाल्या डबे सरकवल्यावर झाला चालू, फक्त कळवायला फोन केला. गंमत म्हणजे फोटोत नाव बघून एकाने थेट "संतोषच पाठवा" सांगितलं, आणि संतोष त्या दिवशी सुट्टीवर! पुढच्या वेळी फोटोखाली कोण कधी आहे ते लिहावं लागेल.

ज्यांचे वडील गेले त्यांना पोस्ट पाठवली नाही. पण पाठवायला हवी होती का, एक साधी ओळ तरी, हे अजून कळत नाहीये.

अबोली
सणाच्या दिवशी नको. महिनाभराने सहज फोन करा, फ्रिजचं काही न बोलता.